घेणाऱ्याचंही घर असतं

“देणारा आनंदानं देतोय, तुमचं काय जातंय?” आपल्याकडे हा प्रश्न विचारला जात नाही, निकाल म्हणून सुनावला जातो. एखाद्या बाईनं चारचौघींत नुसतं म्हणून बघावं, की माझी बहीण मुलांना फार महागाच्या वस्तू देते आणि मला त्या आता नकोशा झाल्यात. लगेच न्यायालय भरतं. एक म्हणते, नशीबवान आहेस गं, आम्हाला कुणी विचारत नाही. दुसरी म्हणते, देणाऱ्याचं मन मोडू नये. तिसरी वयानं मोठी असते, ती चालत आलेल्या लक्ष्मीला दारातून परत न पाठवण्याचा सल्ला देते. चौथी समोर काहीच बोलत नाही. ती घरी जाताना जिन्यात म्हणते, “बहिणीचं बरं बघवत नसेल हिला.”

मला या चौघींचा राग येतो. पहिलीचा सगळ्यात कमी, कारण ती निदान स्वतःचं दुःख सांगते. बाकीच्या तिघी मिळून जे मत मांडतात ते मात्र आपल्या समाजात इतकं मुरलंय की त्याला मत म्हणायचीही कुणाला गरज वाटत नाही. मत असं: भेट म्हणजे माया. मायेला मोजमाप नसतं. परतफेड कुणी मागत नाही. आणि नकोच असेल तर गुपचूप घ्यावं, कपाटात ठेवावं, पुढे कुणाला तरी देऊन टाकावं, पण ‘नको’ हे तोंडानं म्हणू नये. म्हटलं की आपण कृतघ्न.

हे मत कुठे जाऊन आदळतं ते सांगलीच्या एका घरात पाहिलंय. घर माझ्या मैत्रिणीचं आहे. तिच्या परवानगीनं लिहितेय, तरी नावं नकोत.

नवरा सहकारी बँकेत कारकून आहे, ती बालवाडीत शिकवते. दोघांचे मिळून महिन्याला ४१ हजार येतात. दोन मुलं, आणि मैत्रिणीची आई तिच्याकडेच राहते. मोठी बहीण मुंबईत असते, चांगल्या सुस्थितीत. तिला सगळे ताई म्हणतात, म्हणून मीही ताईच म्हणते. ताई मनानं मोठी बाई आहे. हे मी उपरोधानं म्हणत नाही. धाकटीच्या पहिल्या मुलाच्या बारशाला तिनं एक तोळ्याची साखळी घातली. पुढे वॉशिंग मशीन आलं, मुलाच्या मुंजीत लॅपटॉप आला, दर दिवाळीला बहिणीला भारी साडी, एका दिवाळीला तर हातमागाची खरी पैठणी. भाचीला बारा वर्षांची होताच फोन. प्रत्येक वेळी ताईचं एकच वाक्य: “अगं, माझ्याकडे आहे म्हणून देते. तू परत द्यायचा विचारसुद्धा करू नकोस.”

मग ताईच्या मुलीचं लग्न ठरलं.

आता सांगा, एवढं घेतलेल्या मावशीनं भाचीच्या लग्नात काय घेऊन जायचं? खण-नारळ? पाचशे एकचं पाकीट? मांडवात ताईच्या सासरचे बसलेत, आणि त्यातल्या प्रत्येकाला ठाऊक आहे की ताई धाकटीला किती करते, कारण ताईनंच ते कौतुकानं सांगितलेलं आहे. नवरीला साडी, ताईला साडी, भाऊजींना पोशाख आणि चांदीचा पूजेचा संच मिळून ६० हजारांच्या पुढे गेलं. घरात तेवढे पैसे नव्हते. तेव्हा नवरा-बायकोनं जवळच्या पतसंस्थेतून सोनेतारण कर्ज काढलं. तारण काय ठेवलं? बारशाची साखळी. ताईनं घातलेली साखळी गहाण पडली आणि तिच्यावर उचललेल्या पैशांत घरातली थोडी शिल्लक घालून ताईच्याच मुलीचा आहेर झाला. मांडवात ताई डोळे पुसत म्हणाली, “कशाला गं एवढं केलंस?”

परतफेड कुणी मागत नाही, हे मत ऐकायला फार गोड आहे. पण मागण्याची गरज कुठे आहे? मार्सेल मोस या फ्रेंच समाजशास्त्रज्ञानं १९२५ साली भेटवस्तूंवर एक निबंध लिहिला. पॉलिनेशिया, मेलानेशिया, अमेरिकेचा वायव्य किनारा अशा ठिकाणच्या समाजांतली देवाणघेवाण तपासून त्यानं दाखवलं की भेट वरवर ऐच्छिक दिसते, पण द्यावं लागतं, घ्यावं लागतं आणि परत करावं लागतं, ही तिन्ही बंधनं तिच्यात असतात. वायव्य किनाऱ्यावरचे सरदार तर एकमेकांना इतकं देत, की समोरच्याला परत करता येऊ नये आणि तो सगळ्यांदेखत हरावा. ताई तशी नाही, हे कबूल. पण भेटीची ताकद देणाऱ्याच्या हेतूवर थोडीच चालते? आणि हे बाहेरचं खूळ म्हणून झटकायचं असेल, तर मोसनं त्याच निबंधात महाभारतातल्या अनुशासनपर्वाचाही आधार घेतलाय. दान घेण्याला आपल्याकडे प्रतिग्रह म्हणतात आणि प्रतिग्रहाची सवय लावून घेऊ नये, त्यानं घेणाऱ्याचं तेज जातं, असं आपलेच धर्मशास्त्रकार बजावून गेलेत. घेणं सोपं नसतं हे त्यांना कळत होतं. जिन्यातल्या चौथीला कळत नाही.

यावर मोठ्या मनानं सांगितलं जातं, की मग परत देऊच नका ना. ताई म्हणतेच आहे. मला तर हे सगळ्यात कठोर वाटतं. परत देऊ नकोस याचा अर्थ, तू कायम घेणारी राहा. दोन बहिणी एका घरात वाढल्या, एकाच आईच्या हातचं जेवल्या, आणि आता चाळिशीत एकीनं ठरवायचं की आपल्यातली एक नेहमी देईल आणि दुसरी नेहमी ‘किती गं करतेस’ म्हणेल. ही सूट घेणाऱ्याला हलकं करते की कायमचं खाली बसवते? ताईला ती बरोबरीची बहीण म्हणून हवी आहे की लाभार्थी म्हणून?

इथे कायद्याची एक गंमत सांगते. मावशीनं, मामानं किंवा आत्यानं भाच्याला कितीही मोठी भेट दिली तरी भाच्याला त्यावर आयकर नाही, कारण आयकराच्या नियमात ते त्याचे नातेवाईक ठरतात. पण तोच भाचा कमावता होऊन मावशीला भेट देऊ लागला, तर मावशीच्या बाजूनं तो नातेवाइकांच्या यादीत बसत नाही. अशा यादीबाहेरच्या भेटी वर्षात मिळून ५० हजारांच्या वर गेल्या, की सगळीच रक्कम मावशीचं उत्पन्न धरली जाते. मायेचा रस्ता वरून खाली मोकळा, खालून वर टोलनाका. कायदा करणाऱ्यांच्या मनात काय होतं माहीत नाही, पण आपल्या घरांतली समजूत त्यांनी बरोबर लिहून ठेवली.

परंपरेचं म्हणणं आता बघू. ‘आपल्यात देण्या-घेण्याची पद्धत आहे’ असं सांगणाऱ्यांनी ती पद्धत नीट पाहिलेली नसते. जुन्या आहेराला मर्यादा होती आणि हिशेब होता. बायकांना खण-नारळ किंवा साडी, पुरुषांना टोपी-टॉवेल, फार तर धोतरजोडी, आणि पाकिटात अकरा, एकवीस, एकशे एक. लग्नाच्या मांडवात वही घेऊन एक जाणता माणूस बसायचा आणि कुणी काय दिलं ते लिहायचा. गावाकडे तर ते कर्ण्यावरून जाहीर व्हायचं. शहरी माणसाला हे ऐकून कसंसंच होतं. पण त्या वहीचा उपयोग बघा. पुढच्या वर्षी त्यांच्या घरी कार्य निघालं की वही काढायची, एकशे एक आले होते, एकशे एक द्यायचे. फार तर एकशे एकावन्न. कुणी बुडत नव्हतं, कारण काय द्यायचं ते गावाला माहीत होतं आणि ते सगळ्यांना परवडेल असं होतं. आजच्या आपल्या ‘परंपरेत’ वही गेली, टोपी-टॉवेल गेले, मर्यादा गेली, आणि राहिलं फक्त बंधन. वर सांगायचं काय, तर ही आपली संस्कृती.

आणि गंमत म्हणजे याच संस्कृतीत आपण लग्नपत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतो. आपली उपस्थिती हाच आहेर, वगैरे. पाचशे जणांना छापील नकार कळवलेला चालतो. त्यातले निम्मे आपल्याला धड ओळखतही नाहीत. त्यानं कुणाचं मन मोडत नाही, उलट लोक म्हणतात, किती समजूतदार माणसं. मग सख्ख्या बहिणीला तेच चार ओळींत लिहिलं तर ती कृतघ्नता कशी? जी गोष्ट परक्याला सांगता येते ती रक्ताच्या माणसाला सांगता येत नाही, ही नात्याची श्रीमंती म्हणायची की दारिद्र्य?

‘निदान सोनं तरी घ्यावं, ती गुंतवणूक असते’ असं व्यवहारी लोक म्हणतात. घेणाऱ्याच्या घरात त्या सोन्याचं काय होतं ते त्यांनी पाहावं. देणाऱ्यानं घडणावळ मोजलेली असते, वर जीएसटी भरलेला असतो, आणि विकताना हाती येते ती फक्त धातूची किंमत. पण ते बाजूला ठेवा. मूळ अडचण अशी की हे सोनं विकताच येत नाही. पुढच्या कार्यात ताई मुलाच्या गळ्याकडे बघणार आणि विचारणार, साखळी कुठाय रे? म्हणून ते गुपचूप गहाण ठेवायचं आणि पुढच्या समारंभाआधी सोडवून आणायचं. त्या साखळीवरचे ६० हजार वर्षभरानं एकरकमी फेडले तेव्हा १२ टक्क्यांनी ७,२०० रुपये नुसतं व्याज गेलं. गुंतवणूक कुणाची झाली? पतसंस्थेची.

पण पैशापेक्षा मला टोचतं ते दुसरंच. महागडी वस्तू घरात आली की तिच्याबरोबर मत देण्याचा अधिकारही येतो. लॅपटॉप दिला, तर मग मुलाला इंग्रजी शाळेत का नाही घातलं? फोन दिला, तर भाचीनं दर रविवारी मावशीला व्हिडिओ कॉल का नाही केला? पैठणी एकदाच नेसलीस? मशीन एवढं खडखडतं कसं, तुम्ही नीट वापरत नाही वाटतं? यातलं एकही वाक्य दुष्टपणाचं नाही. प्रत्येक वाक्य आपुलकीनं आलेलं आहे. तरी ताई यायची म्हटलं की या घरात आदल्या रात्री धावपळ सुरू होते. दिलेल्या वस्तू बाहेर काढायच्या, पुसायच्या, दिसतील अशा मांडायच्या. आपल्याच घरात आपण जणू प्रदर्शनाचे राखणदार.

आणि त्या नवऱ्याचं काय? मुलीच्या वाढदिवसाला त्यानं स्वतः दुकानात जाऊन फ्रॉक आणला होता, तिला आवडतो तसा पिवळा. त्याच संध्याकाळी मावशीचा फोन पोचला, खोक्यातला. फ्रॉक खुर्चीच्या पाठीवर तसाच लटकत राहिला. मुलीचा काय दोष? तिच्या वयाला फोनच मोठा. पण ज्या बापाची भेट दरवर्षी अशी झाकोळते, त्याला ‘तुमचं काय जातंय?’ असं विचारायला जीभ कशी वळते?

तर ‘नको’ म्हणायचं. प्रश्न उरतो कसं म्हणायचं याचा, आणि इथे आपला समाज माणसाची खरी कोंडी करतो. कारण आपल्याकडे नको म्हणण्याचा शिष्टाचार आधीच भेट घेण्याच्या विधीत खर्ची पडलाय. “अगं, कशाला एवढं आणलंस?” हे वाक्य जिला वस्तू हवी असते तीही म्हणते, जिला नको असते तीही म्हणते. पंगतीत ताटावर हात आडवा धरला तरी बोटांच्या फटीतून जिलबी पडतेच, आणि वाढणाऱ्याला वाटतं की हात धरणं हीसुद्धा जेवणाऱ्याची एक रीत. म्हणून भेट हातात असताना दिलेला नकार हा नकार ठरतच नाही. माझ्या मैत्रिणीनं बारशापासून प्रत्येक वेळी नको म्हटलं होतं. एकदाही ऐकू गेलं नाही, आणि ताईला तरी दोष कसा द्यावा?

शेवटी तिनं पत्र लिहिलं. हातानं, फेब्रुवारीत. महिना मुद्दाम निवडला. दिवाळी होऊन गेलेली, मुलांचे वाढदिवस जूनपासून पुढे, ताईनं अजून काही घेतलेलं नाही, म्हणजे परत करायचं काही नाही आणि भांडणाचाही विषय ताजा नाही. फोनवर बोलली असती तर “बरं बरं, बघू गं” म्हणून ताईनं आईच्या गुडघ्यांचा विषय काढला असता. मोबाइलवर लिहिलं असतं तर तो मजकूर संध्याकाळपर्यंत कुटुंबाच्या ग्रुपवर पोचून त्यावर दोन मामांचे हात जोडलेले आले असते. आणि नवऱ्यानं तर बोलायचंच नव्हतं. मेव्हण्यानं काढलेला विषय हा क्षणात मानापमानाचा होतो. बहिणीचं बहिणीनंच सांगावं.

पत्राची सुरुवात आभारानं होती, आणि मोघम नव्हे. “तुझ्या मशीनमुळे माझी पाठ वाचली,” असं तिनं लिहिलं. “धाकटी पोटात असताना डॉक्टरांनी वाकू नका सांगितलं होतं, आणि तू न विचारता पाठवून दिलंस. हे मी तुला कधी धड सांगितलं नाही. तुझा लॅपटॉप नसता तर शाळा बंद होत्या तेव्हा माझा मुलगा मागे पडला असता.” मग पुढचा परिच्छेद: “लग्नातला आहेर आम्ही तुझी साखळी गहाण ठेवून केला. आता ती सोडवून आणली आहे. तुला वाईट वाटावं म्हणून हे सांगत नाही. तू परत देऊ नकोस म्हणतेस, पण मला तुझ्याकडे ताठ मानेनं यायचं असतं, आणि ते रिकाम्या हातानं जमत नाही.” आणि मग मागणी, स्पष्ट आकड्यासकट. मुलांच्या वाढदिवसाला पुस्तक किंवा कपडा, पाचशेच्या आत. दिवाळीला घरचा फराळ. दोन्हीकडून सारखंच, पुढे ताईच्या नातवंडांनाही तेवढंच. याशिवाय काही आलं तर प्रेमानं परत पाठवीन, असं तिनं आधीच लिहून टाकलं.

“आकडा लिहायचा? बहिणीला?” हो, आकडाच. ‘जरा कमी देत जा’ असं लिहिलं असतं तर ताईनं पैठणीच्या जागी गदवाल पाठवली असती आणि प्रामाणिकपणे समजली असती की आपण कमी केलं. मर्यादा आकड्यात असते. जुन्या वहीत तरी दुसरं काय होतं?

पत्रातला शेवटचा परिच्छेद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि जिन्यातल्या चौथीला सगळ्यात लागेल असा. “आईची औषधं आणि सकाळी तिला आंघोळ घालायला येणाऱ्या बाई मिळून महिन्याला ११ हजार होतात. त्यातले निम्मे तू देत जा. हे मी भेट म्हणून मागत नाही, म्हणून त्याचे आभारही मानणार नाही. आई दोघींची आहे.”

झालं! एका हातानं भेट नाकारते आणि दुसऱ्या हातानं पैसे मागते, असं म्हणायला मोकळ्या आता. पण हिशेब करून बघा. महिन्याला साडेपाच हजार, म्हणजे वर्षाला ६६ हजार. त्या घरात ताईनं एका वर्षात आणलेल्या वस्तूंची किंमत साधारण तेवढीच होती. म्हणजे धाकटी ताईचा खर्च वाढवत नव्हती. फक्त तो खोक्यातून आणि रंगीत कागदातून बाहेर काढून जिथे त्याची जागा होती तिथे ठेवत होती. भेट देणाऱ्याच्या मर्जीवर येते, तिचं कौतुक होतं, तिचा फोटो काढता येतो. आईच्या आंघोळीच्या बाईचा पगार ठरल्या तारखेला द्यावा लागतो आणि त्याचा फोटो कुणी काढत नाही. म्हणूनच भेट देणं सोपं असतं. आपल्या कितीतरी उदार नातेवाइकांचं औदार्य या एका प्रश्नापाशी तपासता येईल: यात माझा वाटा किती, असं त्यांनी कधी विचारलंय?

पुढे काय झालं तेही सांगते, कारण अशा गोष्टी लोक ‘आणि दोघी गळ्यात पडून रडल्या’ अशा संपवतात. ताईचा तीन आठवडे फोन नाही. मग तिनं आईला फोन करून सांगितलं, “तिला माझं देणं खुपतं.” आईनं दोन दिवस धाकटीशी बोलणं टाकलं. जूनमध्ये भाच्याच्या वाढदिवसाला सांगलीच्याच दुकानातून २१ हजारांची सायकल दारात आली, आणि पाठोपाठ निरोप: “हे शेवटचं.” हे शेवटचं ओळखायला शिकलं पाहिजे. नकार कळवल्यावर पहिली मोठी भेट नेहमी याच नावानं येते, आणि ती घेतली की पत्र रद्द होतं. सायकल उतरवून घेतलीच नाही. मैत्रिणीनं त्याच टेम्पोवाल्याबरोबर ती दुकानात परत पाठवली, पैसे ताईच्या खात्यात वळते करायला लावले आणि मग ताईला फोन करून सायकल किती छान होती तेही सांगितलं. मुलगा संध्याकाळभर रडला. ताईनं फोन ठेवून दिला.

ऑगस्टपासून दर महिन्याच्या पाच तारखेला आईच्या खात्यात साडेपाच हजार येतात, एका शब्दाशिवाय. दिवाळीला डबा आला. चकल्या थोड्या कडक होत्या, म्हणजे ताईनं घरीच केल्या होत्या.

“पण आता त्या दोघींचं पूर्वीसारखं आहे का?” हा प्रश्न मला चौघींपैकी दोघींनी विचारला, विजयी चेहऱ्यानं. नाही, पूर्वीसारखं नाही. पूर्वीसारखं नको होतं म्हणूनच पत्र लिहिलं ना? पूर्वी म्हणजे काय, तर ताई येणार म्हटल्यावर आदल्या रात्री मशीन पुसणं. पूर्वी म्हणजे गळ्यातली साखळी तिजोरीत पडलेली असताना ती घरी आहे असं भासवणं. ते गेलं याचं दुःख नक्की कुणाला आहे? ताईला आहे, हे मला समजतं. वर्षानुवर्षं ज्या रीतीनं माया दाखवली तीच रीत बंद झाली, त्याला वेळ लागेल. पण तुम्हाला का आहे?

मन मोडू नये, हे तत्त्व तुम्ही फक्त देणाऱ्याच्या मनाला लावता. फ्रॉक आणणाऱ्या बापाला मन नव्हतं? पतसंस्थेच्या काउंटरवर लेकराच्या बारशाची साखळी तराजूत ठेवणाऱ्या आईला नव्हतं? तिनं ताईचे आभार मानले, एकेका वस्तूचं नाव घेऊन मानले, तुमच्यापैकी कुणी आयुष्यात कुणाचे मानले नसतील इतके नीट मानले. आणि आपल्या घरात काय यावं हे ठरवण्याचा अधिकार बारशाच्या दिवशीही तिचाच होता आणि आजही तिचाच आहे. त्यासाठी तिनं तुमच्यापुढे खुलासा का द्यावा? ‘तुमचं काय जातंय’ हे विचारायचंच असेल तर आधी पतसंस्थेची पावती वाचा. ती तिनं जपून ठेवली आहे, मागाल तेव्हा दाखवेल.